एका कॉलमध्ये किती निकष?

> उत्तरांना एआय मॉडेलकडून गुण देऊन घेतोय. मॉडेलच्या एकाच कॉलमध्ये सातही निकष तपासून घेतले तर चालेल, की प्रत्येकाला वेगळा कॉल?

आकडा आधी ठरवू नका, गळती मोजा. माझ्या अनुभवात नुसत्या संख्येपेक्षा एका निकषाचा रंग दुसऱ्याला लागतो, त्या गळतीनेच जास्त घोळ होतो.

तपासायला सोपं आहे. 'रिफंड ७ दिवसांत मिळेल' हे बरोबर उत्तर घ्या आणि फक्त सूर बिघडवा: 'धोरण वाचलं असतंत तर कळलं असतं, ७ दिवसांत मिळेल.' तथ्याचा गुण हलता कामा नये. वेगळ्या कॉलमध्ये तो जागच्या जागी राहिला आणि सातांच्या कॉलमध्ये पडला, तर सूर आणि तथ्य एकत्र ठेवू नका. अशी पंचवीस-तीस उत्तरं हाताने बनवा. त्याआधी तोच कॉल तीनदा चालवून गुण आपोआप किती हलतात तेही बघा, नाहीतर साध्या हेलकाव्यालाच गळती समजाल.

माणसांच्या गुणांशी जुळणी निकषागणिक बघा. सरासरीत एखादा पडलेला निकष बेमालूम लपतो. 'लिंक दिली का', 'शब्दमर्यादा पाळली का' असले हो-नाही निकष बिनधास्त एकत्र टाका (शब्द मोजायला तर साधा कोडच बरा). तथ्य मात्र मी वेगळंच ठेवतो, खर्च वाढला तरी.