मॉनिटरच्या जाहिरातीतले आकडे: फसवणूक की गिऱ्हाइकाचा आळस?

लोकमान्यनगरकर
मुलासाठी 27 इंची मॉनिटर घ्यायचाय, अभ्यास आणि गेम दोन्हीसाठी. एका जाहिरातीत लिहिलंय: व्हीए पॅनल, 180 हर्ट्झ, 1 मिलिसेकंद एमपीआरटी, कॉन्ट्रास्ट 5,00,00,000:1, ब्राइटनेस 300 निट आणि वर ‘एचडीआर 400’. इंदूरच्या सिल्वर मॉलमधला दुकानदार म्हणतो, आकडे कंपनीनेच छापलेत, खोटे कसे असतील? धाकटा भाऊ म्हणतो, निव्वळ थापा. तुमचं काय मत?

राजेंद्रनगरी
तुमचा दुकानदारही बरोबर आणि भाऊही. यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी एका सेटिंगमध्ये खरा निघेल. पण ती सेटिंगं एकमेकांबरोबर नांदत नाहीत. माझा आक्षेप तेवढाच आहे.

आधी 1 मिलिसेकंद एमपीआरटी घ्या, म्हणजे हलतं चित्र डोळ्याला किती पुसट दिसतं त्याचा आकडा. 180 हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर साधारण साडेपाच मिलिसेकंद राहते. तेवढा वेळ ती एका जागी उभी असते आणि आपली नजर मात्र हलत्या वस्तूमागे सरकत असते, म्हणून चित्र पुसट दिसतं. पॅनल कितीही चपळ असलं तरी ही पुसटता जात नाही. ती नुसत्या हर्ट्झच्या जोरावर 1 मिलिसेकंदावर आणायची तर 1000 हर्ट्झ लागतील. मग 180 वाल्याने हा आकडा कुठून आणला? मागचा दिवा सतत चालू ठेवायच्या ऐवजी प्रत्येक फ्रेमला फक्त 1 मिलिसेकंद लखकन लावायचा आणि बाकी वेळ बंद. चित्र खरंच रेखीव दिसतं, खोटं नाही. पण दिवा साडेपाचातला एकच मिलिसेकंद पेटला, म्हणजे उजेड राहिला पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. 300 निटचे झाले 54. कंपन्या त्या लखलखाटात दिव्याला जास्त करंट देऊन थोडी भरपाई करतात, तरी 300 च्या जवळपास जात नाही. शिवाय बहुतेक मॉडेलांत हे चालू केलं की पडद्याचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारं अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद पडतं, ब्राइटनेसची पट्टी मेनूत करडी होऊन अडकते आणि एचडीआर, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त ताणून दाखवणं, तेही मिळत नाही.

म्हणजे 1 मिलिसेकंद हवं असेल तर 300 निट सोडा, 400 तर सोडाच. जाहिरातीत मात्र तिन्ही एका ओळीत.

सराफ्यातला खवय्या
दादा, पण याला फसवणूक म्हणायचं का? गाडीचं मायलेजही कंपनी चाचणीतलंच छापते. राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये तेवढं मिळत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एमपीआरटी ही अक्षरं तिथे छापलेली आहेत. ज्याला 15-20 हजार मोजायचेत त्याने पाच मिनिटं त्यांचा अर्थ शोधला तर काय बिघडतं? आपल्या लोकांना आकडा मोठा दिसला की खिसा हलका करायची घाई, आणि नंतर कंपनीच्या नावाने बोंब.

राजेंद्रनगरी
मायलेजवाल्या निदान सगळ्या गाड्या एकाच चाचणीतून जातात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना तरी होते. इथे एक कंपनी एमपीआरटी छापते, दुसरी जीटीजी, तिसरी नुसतं ‘1 एमएस’ लिहून मोकळी. पहिला आकडा दिव्याच्या लखलखाटाचा, दुसरा पिक्सेलने रंग बदलण्याचा. त्यांची तुलनाच होत नाही.

आणि जीटीजीतही मेख आहे. बदल 10 टक्के झाल्यापासून 90 टक्के होईपर्यंतच घड्याळ चालवायची जुनी पद्धत आहे, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची रखडपट्टी हिशेबातच नाही. त्यावर पिक्सेलला जोरात ढकलणारं ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून, करड्याच्या ज्या दोन छटांमध्ये पॅनल सर्वात जलद पळतं तो एक आकडा उचलायचा. त्या पायरीवर खेळायला बसलात तर हलत्या वस्तूच्या मागे उजळ कडा उमटतात. पिक्सेल ठरलेल्या छटेच्या पुढे जाऊन परत येतो, त्याची ती खूण. म्हणून घरी लोक मधली पायरी ठेवतात आणि तिथे 1 मिलिसेकंद उरत नाही.

पागेतली माणसं
आमच्याकडे माऊस हलवला की बाण मागून येतो, त्याचं काय? भाच्याने 5 मिलिसेकंदवाला आणला म्हणून असं होतंय का? 1 वाला घेतला तर जाईल ना?

राजेंद्रनगरी
काकू, तो आजार वेगळा. पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ निराळा, आणि माऊसचा हुकूम पडद्यापर्यंत पोचायला लागणारा निराळा. जाहिरातीतल्या 1 किंवा 5 ने दुसऱ्याबद्दल काही कळत नाही. तुमच्याकडे टीव्हीच मॉनिटर म्हणून जोडलाय का? असेल तर त्याच्या मेनूत गेम मोड शोधा, बहुतेक तिथेच सुटेल.

पागेतली माणसं
टीव्हीच आहे! भाच्याला सांगते.

सुदामानगर सेक्टर ई
एवढं किचकट कशाला? 5 कोटीचा आकडा कचऱ्यात टाका, तो डायनॅमिक कॉन्ट्रास्ट. पूर्ण पांढरा पडदा दिवा फुल्ल ठेवून मोजला, पूर्ण काळा दिवा मालवून मोजला, आणि भागाकार छापला. दोन्ही एका चित्रात कधीच दिसणार नाहीत. बघायचा तो स्टॅटिक: व्हीएचा 3000 च्या आसपास, आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनलचा 1000 च्या. म्हणजे व्हीएचा काळा तिप्पट काळा. डोळे मिटून व्हीए घ्या.

राजेंद्रनगरी
पहिलं अगदी बरोबर. 300 निटला 5 कोटीने भागून बघा, काळा येतो 0.000006 निट. दिवा बंद केल्याशिवाय व्हीए पॅनलवर तेवढा अंधार येत नाही.

पण तिप्पट काळा कुठल्या खोलीत? 300 निटवर व्हीएचा काळा 0.1 निट, आयपीएसचा 0.3. हे झालं अंधाऱ्या खोलीतलं. आता मुलगा अभ्यासाला बसतो त्या खोलीत ट्यूबलाइट आहे, पडद्यावर 300 लक्स उजेड पडतोय असं धरा. पडद्याने त्यातला फक्त 1 टक्का विखरून परत फेकला तरी 300 गुणिले 0.01 भागिले 3.14, म्हणजे जवळपास 1 निट. हा 1 निट पांढऱ्यातही मिसळतो आणि काळ्यातही. व्हीए झाला 301 भागिले 1.1, म्हणजे 274. आयपीएस 301 भागिले 1.3, म्हणजे 232. छापलेला तिपटीचा फरक ट्यूबलाइटखाली सव्वापटीच्याही आत आला.

सुदामानगर सेक्टर ई
हे गणित दिवसाचं. पोरं गेम खेळतात रात्री अकराला, दिवा मालवून. तेव्हा माझे 3000 माझ्याकडेच राहतात.

राजेंद्रनगरी
राहतात, मान्य. त्यातले काही पडद्याच्या उजेडाने पांढरी भिंत उजळते तिथे जातात, पण फरक डोळ्याला दिसेल एवढा नक्की उरतो. मात्र त्याच अंधारात व्हीएचं दुसरं रूप बाहेर येतं. काळ्यातून गडद करड्यात जाताना स्वस्त व्हीए पॅनल फार रेंगाळतं, 20-30 मिलिसेकंदही घेतं. 180 हर्ट्झला तेवढ्यात चार-पाच फ्रेम निघून जातात. गुहेत, रात्रीच्या रस्त्यावर पात्र हललं की मागे काळा फराटा ओढल्यासारखा दिसतो. छापलेल्या 1 मिलिसेकंदात हा बदल धरलेलाच नसतो. म्हणजे जिथे व्हीएचा काळा उपयोगी पडतो, तिथेच त्याची चपळाई तोकडी पडते.

सुदामानगर सेक्टर ई
माझ्याकडे व्हीएच आहे आणि मला फराटा कधी खटकला नाही. हे टेस्ट बघून बघून डोक्यात बसवलेले दोष आहेत.

मॉलमधला गाळेवाला
मी याच धंद्यात आहे, दुकानाचं नाव सांगत नाही. मुलं येतात ती ‘भिया, 1 एमएसवाला दाखवा’ म्हणतच. मी प्रामाणिकपणे सांगितलं की हा 4 वाला चांगला, तर मला जुना माल खपवायचाय असं वाटतं आणि गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जातं. कंपनीलाही हे ठाऊक आहे. 4 छापणाऱ्याचा माल पडून राहतो. मग दोष एकट्या कंपनीचा कसा?

आणि अजून एक. दुकानात सगळे मॉनिटर फुल्ल ब्राइटनेसवर, भडक रंगाच्या मोडमध्ये लावलेले असतात, कारण वर पांढऱ्या लाइटांचा मारा. तिथे 250 निटवाला बिचारा मेलेला दिसतो. घरी नेऊन लोक तोच 40 टक्क्यांवर चालवतात.

सराफ्यातला खवय्या
हेच म्हणत होतो मी. गिऱ्हाईक सुधारा.

नारायणबागेतली
गिऱ्हाईक काय सुधारणार, ‘एचडीआर 400’ वाचून? मी व्हिडिओ एडिटिंग करते, या शब्दाने मला फार छळलंय. नुसतं ‘एचडीआर 10’ लिहिलं असेल तर मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो एवढाच त्याचा अर्थ, दाखवेलच असं नाही. ‘एचडीआर 400’ कोणीही लिहू शकतं. खरं प्रमाणपत्र व्हेसाचं, म्हणजे डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, त्याचं नाव ‘डिस्प्ले एचडीआर 400’. ते 2017 च्या अखेरीस सुरू झालं. displayhdr.org वर यादी असते, मॉडेल नंबर टाकून बघा. आणि मिळालं तरी ती सगळ्यात खालची पायरी आहे. तिला पडद्याच्या भागाभागाचा दिवा वेगळा कमी-जास्त करता येण्याची अट नाही. मग होतं काय, चित्रात एका कोपऱ्यात सूर्य असला की सगळा दिवाच वाढतो आणि सावलीतला काळा राखाडी होतो.

हे शब्द इतके सारखे कोणी आणि का ठेवले, ते गिऱ्हाइकाने शोधत बसायचं? मला तरी ही फसवणूकच वाटते. नियमात बसवलेली.

राजेंद्रनगरी
ताई, शेवटच्या शब्दावर माझं अजून ठरत नाही, पण यादीत बघायचा मुद्दा पहिल्या नंबरचा.

लोकमान्यनगरकर, गाळ्यात उभे असाल तेव्हा एवढं करा. त्यांच्याच कॉम्प्युटरवर testufo.com उघडा. मेनूत एमपीआरटी चालू करा आणि पडदा किती काळवंडतो ते बघा. मग ते बंद करून ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवा आणि तिथल्या पळत्या उडत्या तबकडीमागे शेपूट किती राहते ते पाहा, पार्श्वभूमी गडद निवडून. तीच मुलाला रोज दिसणारी अवस्था. ब्राइटनेस घरी ठेवाल तेवढी खाली आणायला सांगा. फोनने फोटो काढून ठरवू नका, फोन स्वतःच्या मर्जीने एक्स्पोजर बदलतो.

लोकमान्यनगरकर
गाळेवाले दादा, एवढं सगळं करू देतात का हो दुकानात?

मॉलमधला गाळेवाला
रविवारी संध्याकाळी आलात तर नाही. मंगळवारी दुपारी या, चहा पण पाजतो. पण डब्याचं सील तोडायला सांगू नका, डिस्प्लेवर लावलेल्या पीसवरच काय ते बघा.

सुदामानगर सेक्टर ई
आणि डिस्प्लेवरचा पीस तुमच्या डब्यातल्यासारखाच निघेल याची खात्री काय, तेही विचारून या.