गनिमी कावा : यातला गनीम कोण?

चाकोरी : गनीम म्हणजे शत्रू. मग 'गनिमी कावा' हा शत्रूचा कावा झाला ना? तो आपण आपल्याच लढण्याला का लावतो?

शब्दवेडा : शत्रूवर करायचा म्हणून गनिमी. कावा म्हणजे कपट, तिथूनच कावेबाज. एवढं साधं आहे.

पागा : कपट हा अर्थ आहेच, पण घोड्याला गोल फेर धरायला लावणं हाही कावाच. आणि मोगलांच्या लेखी गनीम म्हणजे मराठे. त्यांनी ठेवलेलं नाव आपण पचवलं, असं मला वाटतं.

फेर कसा, ते 1695 मध्ये चित्रदुर्गाजवळ दोड्डेरीला दिसतं. मोगल सरदार कासिमखानाने आपले डेरे पुढच्या मुक्कामाला आगाऊ धाडले होते. संताजी घोरपड्यांनी फौजेचे तीन भाग केले. एकाने ते डेरे लुटले. खानाचे लोक मदतीला धावले, त्यांना दुसऱ्याने वाटेतच अडवलं. तिसऱ्याने मागे उरलेली छावणी मारली. खान दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरला, पण तिथे एवढ्या माणसांना पुरेल असं धान्य कुठून असणार? उपासमार झाली, खान गढीतच मेला, बाकीचे खंडणी कबूल करून सुटले.

आजोळ : आमच्याकडे 'पोरांनी नुसतं कावून सोडलंय' म्हणतात. तेही यातलंच का?

शब्दवेडा : नसावं. ते वैतागण्याचं क्रियापद आहे.

पागा : मी एवढ्यात नाही म्हणणार नाही. भोवती फेर धरून धरून बेजार करणं, अर्थ तरी जुळतो.

गडवाट : पण दोड्डेरीत तर गढीच गळ्याशी आली! मग डोंगरी किल्ल्यांचं एवढं कौतुक कशाला? राजगडावर पाठीवर नुसती पिशवी घेऊन चढताना माझा दम निघाला, तिथे तोफा कोण नेणार, हे मात्र पटतं.

पागा : गढीत दाणा नव्हता, तिथेच फरक आहे. गडावर धान्याचा अंबारखाना असतो, पाण्याची टाकी असतात. थोडी शिबंदी महिनोन् महिने तग धरते, आणि वेढा घालणारी मोठी फौज खाली एका जागी अडकते. तिला रोज दाणावैरण लागते, ती बाहेरून येते, आणि घोडेस्वार नेमके त्या वाटेवर पडतात. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्याला बसला, गड हाती आला एप्रिलमध्ये. एक सुरुंग असा उडाला की बुरूज बाहेर कोसळून त्याचीच माणसं गाडली गेली.

शब्दवेडा : शेवटी घेतलाच की!

पागा : घेतला. पुढे बरेच गड तर किल्लेदाराला पैसे चारून घेतले, ही आपली दुखरी बाजू. सिंहगड 1703 मध्ये असाच गेला. पण बादशहाची पाठ वळली की राखायला माणसं पुरेनात, आणि गड दोन-अडीच वर्षांत मराठ्यांकडे परत आला.

चाकोरी : म्हणजे गड हा फेराचा मधला खुंटा, आणि घोडी त्याभोवती?

गडवाट : छान आहे, पण घोडी फिरली ती कर्नाटकात, साताऱ्याभोवती नव्हे.

पागा : दोन्हीकडे फिरली. 'कावून'बद्दल कुणाकडे जुना दाखला असेल तर टाका.