उत्तर: स्पॅनिश ओळीची लय मराठीत कशी आणावी?

> स्पॅनिश ओळ आठ अक्षरांची म्हणतात, मी मोजली तर दहा भरतात. मराठीत किती धरू?

आठच. तिथे शेजारचे स्वर एकत्र उच्चारतात. 'ला यूव्या एन्त्राबा एन मी कासा' म्हणजे 'पाऊस माझ्या घरात येत असे'. ही ओळ म्हणताना 'व्याएन' आणि 'बाएन' एकेका झटक्यात जातात, म्हणून दहाची आठ होतात. आपल्याकडे अष्टाक्षरी आहेच: 'पाऊस घरात येई'. मी आधी 'आला' लिहिलं होतं. अक्षरं तेवढीच, पण 'एन्त्राबा'मधलं पुन्हापुन्हा येणं हरवलं, ते 'येई'त टिकतं. शिवाय तिकडचा आघात सातव्यावर, 'का'वर असतो, इथे तिथेच दीर्घ 'ये' पडतो. 'माझ्या' मात्र गेलं, ते पुढच्या ओळीत आणा. आणि ओळ गाऊनच तपासा, कारण बोलताना 'पाऊस', 'घरात' यांतला शेवटचा अ गळतो आणि आठाची सहाच ऐकू येतात.