प्रति: मुलाखतीतली स्वओळख

"गाव, शिक्षण, छंद, प्रेरणा हे सगळं पाठ करून जावं का?"

क्रम ठेवा, पाठांतर नको. नागपुरातल्या सराव मुलाखतीत मी 'काटोल, संत्र्यासाठी प्रसिद्ध' म्हणून थेट पदवीवर उडी मारली. लगेच प्रश्न आला, आंबिया नि मृग बहारात फरक काय? घरची बाग असून ततपप झालं! (आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग जून-जुलैत.)

मग ओळख अशी बांधली: "मी काटोलचा. घरी संत्र्याची बाग. फळगळ बघत वाढलो, म्हणून कृषी पदवी घेतली. घरी पर्जन्यमापक आहे, रोजचा पाऊस लिहून ठेवण्याचा छंद आहे. गारपिटीनंतर तलाठ्यांचा पंचनामा जवळून पाहिला, तेव्हापासून महसूल खात्यात यायचं ठरवलं." पुढचे प्रश्न पाऊस नि पंचनाम्यावरच आले. छंद म्हणून नुसतं 'वाचन' लिहिलंत तर शेवटचं पुस्तक विचारतातच.