‘स्टॉप हंट’ आणि ‘रिक्लेम’ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: भाऊ शेअरबाजारात आहे. ‘लो तोडला, सगळ्यांचे एसएल उडवले आणि परत वर,’ असं रोज ऐकते. लो म्हणजे आधीचा सर्वात कमी भाव आणि एसएल म्हणजे स्टॉप-लॉस, भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, एवढं कळलं. याला शब्द आहे का?

कट्टेकरी: ‘एसएलची शिकार’. ऑपरेटरला आपले स्टॉप दिसतात, तो मुद्दाम भाव तिथवर आणतो.

जुना_दलाल: दिसत नाहीत. ट्रिगर लागेपर्यंत स्टॉपची ऑर्डर मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या ऑर्डरींच्या यादीत, येतच नाही. पण दिसायची गरजही नसते. कालचा लो 500 असेल तर निम्मी जनता 498-499 ला स्टॉप लावून बसते, हे शेंबडं पोरही सांगेल. भाव तिथे गेला की ते सगळे स्टॉप एकदम विक्रीच्या ऑर्डरी होतात. मोठ्या खरेदीदाराला एरवी एवढा माल एका जागी मिळत नाही, तो तिथे उचलतो. त्यामागे कोणाचा हेतू असेलच असं नाही, म्हणून मला ‘शिकार’ पटत नाही. मी ‘हूल’ म्हणेन.

शब्दवेडी: हूल! कबड्डीतली. आवडला.

सांगलीकर: माझी पण हूलच झाली. लो तुटला, स्टॉप लागला, शेअर अजून खालीच आहे.

जुना_दलाल: मग हूल कसली? लो खरोखर तुटला आणि स्टॉपने त्याचं काम केलं. भाव पातळीच्या वर परत आला तरच हूल म्हणायची, आणि ते आधी कळत नाही. म्हणूनच रिक्लेमची वाट पाहायची.

शब्दवेडी: म्हणजे नेमकी कशाची?

जुना_दलाल: समजा भाव 500 तोडून 494 ला गेला. तिथे घ्यायचं नाही. मधेच 501 दिसला आणि कँडल, म्हणजे चार्टवरची त्या पाच मिनिटांची पट्टी, 497 ला बंद झाली, तरी नाही. पाच मिनिटांची कँडल 503 ला बंद झाली की घ्यायचं, स्टॉप 493. फुकट काहीच नाही हं: 500 ला घेऊन 498 चा स्टॉप लावला असता तर शेअरमागे 2 रुपये जोखीम होती, इथे 10. दोन हजारच गमवायची तयारी असेल तर हजारऐवजी दोनशेच शेअर घ्यायचे. लोक नेमकं हेच विसरतात आणि तेवढेच शेअर घेतात.

कट्टेकरी: पाच मिनिटांत तर दिवसभर फसवे रिक्लेम येतात. मी पंधरा मिनिटांची कँडल बघतो.

जुना_दलाल: बघा की. पण तोवर भाव 508 ला गेला तर स्टॉप आणखी लांब पडतो. यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही.

शब्दवेडी: आणि रिक्लेमला शब्द? ‘पुनर्प्राप्ती’ नको, सरकारी वाटतो.

सांगलीकर: ‘पातळी परत घेतली’.

जुना_दलाल: चालेल. आम्ही नुसतं ‘वर टिकला’ म्हणतो, पण त्यात आधी तुटल्याचा भाग येत नाही.