मदत हवी आहे: बहिणीचं बर्फ खाणं पुन्हा सुरू झालंय

माझी धाकटी बहीण २४ वर्षांची, भांडुपला राहते. गेल्या उन्हाळ्यात ती दिवसाला बर्फाचे दोन-तीन ट्रे चावून संपवायची. आईला वाटायचं, उकाड्यामुळे असेल. पण पावसाळ्यातही थांबेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ११.८ निघालं, म्हणजे १२ पेक्षा जरासंच कमी. फेरिटिन मात्र फक्त ६! शरीरातला लोहाचा साठाच संपलेला. तिला पाळीत रक्तस्राव खूप होतो, हे तेव्हा कुठे तिने सांगितलं.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन आठवड्यांत बर्फाची ओढ गेली. बरं वाटलं म्हणून महिन्याभरात तिने गोळ्या सोडल्या. बद्धकोष्ठतेचा त्रासही होताच. साठा भरायला काही महिने लागतात, ओढ त्याच्या कितीतरी आधी जाते, हे आम्हाला कुणी समजावलंच नाही. आता बर्फ परत सुरू, शिवाय पाटीवरची पेन्सिलही खाते.

डॉक्टरांची वेळ शनिवारची आहे. कुणी दिवसाआड गोळी घेतली आहे का? पोटाचा त्रास कमी झाला का? ती गोळीनंतर लगेच चहा घ्यायची, तो किती वेळाने घ्यावा? आणि जास्त रक्तस्रावासाठी कोणत्या तपासण्या झाल्या, तेही कृपया सांगा.