चांगल्या दिवशीही घड्याळ लावा

> "एमआरआयमध्ये काही नाही म्हणतात, मग आठ महिने कंबर का दुखतेय? जरा बरं वाटलं की सगळी कामं उरकते आणि मग दोन दिवस आडवी."

रिपोर्ट खरा आहे आणि तुमचं दुखणंही खरंच आहे. स्नायूंची इजा बहुतेक वेळा तीनेक महिन्यांत भरून येते, पण तोवर मज्जारज्जू आणि मेंदूतल्या चेतापेशी हळव्या होऊन बसतात. मग नुसतं वाकून केर काढला तरी त्या धोक्याची घंटा वाजवतात. झोप मोडली की जास्तच.

माझ्या आईचं अगदी असंच होतं. तिनं तीन दिवस ओट्याशी उभं राहून दुखणं वाढेपर्यंतची वेळ मोजली: २०, १२ आणि १६ मिनिटं. सरासरी १६, त्यातून थोडी कमी करून १२ धरली. बारा मिनिटं झाली की कणीक अर्धी मळलेली असली तरी स्टुलावर बसायचं. बरं वाटत असलं तरी बसायचं, हे तिला सगळ्यात जड गेलं. दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवलं. दुसऱ्या दिवशीही दुखणं चढलेलंच राहिलं, तर वाढ जास्त झाली असं समजून एक पायरी मागे यायचं. दुखणं रेंगाळलं, पण आडवं पडण्याचे दिवस आधी कमी झाले.

मात्र पाय लुळा पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेत बधिरपणा असं काही झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.